भिंतीवरून पुसलेला कॉर्पोरल

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मामासोबत, योरिसमामासोबत घडलेली आहे. मामा पत्त्यांत बिनदिक्कत फसवतो, पण या बाबतीत तो एक शब्दही वाढवून सांगत नाही. उलट विषय निघाला की उठून जातो.

बेल्जियममधल्या ईपर शहराच्या पूर्वेला, स्टेनहुक गावाबाहेर, बिटाच्या शेतांना लागून इंग्रज सैनिकांचं कब्रस्तान आहे. पहिल्या महायुद्धातलं. त्याच्या मागच्या बाजूला एक लांबलचक भिंत आहे. ज्यांचं शरीर ओळखता आलं नाही किंवा सापडलंच नाही, त्यांची नावं त्या भिंतीवर कोरलेली आहेत.

मामा तिथला पाथरवट.

तिथला नियम साधा आहे. एका माणसाला एकच जागा. थडगं सापडलं, तर भिंतीवरचं नाव काढायचं.

त्या वर्षी सप्टेंबरात एक थडगं 'सापडलं'. म्हणजे थडगं तिथंच होतं, शंभर वर्षं. दगडावर लिहिलं होतं : एक कॉर्पोरल. नाव देवाला ठाऊक.

युद्ध संपल्यावर प्रेतं शोधणाऱ्या तुकड्या इथली शेतं पालथी घालत होत्या. कुठं गवत जास्तच निळसर हिरवं दिसतं, कुठं डबक्यातलं पाणी काळपट झालंय, तिथं खणायचं. या माणसाच्या अंगावर त्यांना ओव्हरकोट मिळाला. बाहीवर कॉर्पोरलच्या दोन पट्ट्या, खांद्यावर पलटणीचा पितळी बिल्ला. गळ्यातली ओळखीची चकती दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी असायची, ती चिखलात कुजून गेलेली. बुटांवर नंबर नाही. खिशात काही नाही.

आता शंभर वर्षांनी अभ्यासकांनी पलटणीच्या जुन्या नोंदी काढल्या. हे प्रेत मिळालं त्या उतारावर त्या पलटणीचा एकच कॉर्पोरल बेपत्ता होता. बाकी सगळ्या कॉर्पोरलांचा हिशेब लागत होता.

अमोस लिडगेट.

नवा दगड बसला. यॉर्कशायरहून त्याची पुतणी आली, विनिफ्रेडबाई. वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी, डोक्यावर निळी टोपी. बिगुल वाजलं. तिनं आजीच्या, म्हणजे अमोसच्या आईच्या कबरीवरची मूठभर माती आणली होती, ती दगडापाशी टाकली. मग मामाचा हात धरून म्हणाली, "आजी मरेपर्यंत दाराची कडी लावत नव्हती रे बाळा. म्हणायची, अमोस रात्री आला तर? आता मी लावीन कडी."

मामा त्या दिवशी घरी येऊन रडला. आनंदानं.

नोव्हेंबरात त्याला लेखी हुकूम आला. भिंतीवरचं 'लिडगेट अ.' काढा.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजलेले, पण धुकं इतकं की भिंतीचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मामानं दगडाच्या भुकटीचा लगदा कालवला. एकेक अक्षर भरलं. जरा सुकू दिलं आणि पॉलिशच्या दगडानं घासायला घेतलं.

खर्र… खर्र…

हात दुखला म्हणून तो थांबला.

खर्र… खर्र…

आवाज थांबला नाही.

भिंतीच्या पलीकडून येत होता. पलीकडे फक्त बिटाचं शेत.

मग तोही थांबला. आणि मामाच्या लक्षात आलं, की बाकीही काहीच ऐकू येत नाहीये. ट्रॅक्टर नाही. रस्ता नाही. कावळे नाहीत…

भिंत जिथं संपते तिथं एक माणूस उभा होता.

नुसत्या सदऱ्यात. अंगावर कोट नाही. सदरा ओला, छातीला चिकटलेला. दात वाजत होते, आणि तो आवाज मामाला अगदी कानाशी ऐकू येत होता.

"माझं नाव कुठं ठेवलंस?" तो इंग्रजीत म्हणाला.

मामानं थडग्यांच्या रांगेकडं बोट दाखवलं.

माणूस धुक्यात गेला. पावलांचा आवाज नाही.

बऱ्याच वेळानं परत आला.

"तिथं दुसराच कुणीतरी झोपलाय," तो म्हणाला. "माझा कोट घालून."

मामानं हातातला पॉलिशचा दगड टाकला. तो खाली बसला.

"मीच दिला होता कोट. पोटात गोळी लागलेली त्याला. थंडी वाजते म्हणत होता." माणूस गुळगुळीत झालेल्या जागेवरून बोटं फिरवत होता. "मी तिकडं आहे. खाली. ओढ्याच्या बाजूला. पण मला कुणी काढलं नाही… इथं नाव होतं, म्हणून इथं येत होतो. आता मी कुठं उभं राहू?"

मामानं डोळे मिटले. उघडले, तेव्हा ट्रॅक्टर ऐकू येत होता.

घरी मामानं सगळं सांगितलं. मामीनं ताटात बिअरमध्ये शिजवलेलं मटण वाढलं आणि तोंडभर हसली. "बायकोशी चार शब्द बोलायचे जिवावर येतात. मेलेल्यांशी बरा गप्पा मारतोस!"

मग तिनं त्याचे हात पाहिले. लगदा बोटांवर तसाच वाळलेला होता, हात न धुताच तो ताटावर बसला होता. ती पुन्हा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा कब्रस्तानाच्या कचेरीत साहेबांकडं गेला. डिर्कसाहेब, भला माणूस. सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही.

"योरिस, पुरावा काय?"

"थडगं उघडा. हाडं तपासा. पुतणी जिवंत आहे, रक्ताचं नातं जुळतं का बघा."

"ओळख पटवायला आम्ही थडगं उघडत नाही. कुणाचंच नाही. एकदा निजवलेल्याला उठवायचं नाही, हा नियम आहे. आणि ओढ्याकडं काय, सगळं शेत खणू? कुणाच्या सांगण्यावरून?"

मामा उठून निघाला. खरंच, कुणाच्या सांगण्यावरून?

त्यानं विनिफ्रेडबाईंना फोन लावला. सांगून टाकायचंच, असं ठरवून.

"काका स्वभावानं कसे होते?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"अमोस? अगदी वेडा!" ती हसली. "आजी सांगायची, अंगावरचा कोट काढून देईल असं पोर. प्रत्येक हिवाळ्यात नवा शिवावा लागायचा. बरं झालं बाळा, आता तो चांगल्या जागी निजलाय. मी कडी लावते हो आता."

मामानं फोन ठेवला. तो काय सांगणार होता?

त्यानं एकच केलं. एका संध्याकाळी लगदा कोरून काढला आणि नाव पुन्हा उघडं केलं. कुणाला न विचारता.

आठवड्यानं तपासणी झाली. एका माणसाची दोन ठिकाणं चालत नाहीत. डिर्कसाहेबांनी नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली. मामाला तेच नाव त्याच हातांनी पुन्हा भरावं लागलं.

एकाच माणसाला त्यानं दोनदा पुसलं.

फेब्रुवारीत विनिफ्रेडबाई गेल्याची बातमी आली. झोपेतच गेल्या म्हणे. दाराची कडी आतून लावलेली होती, शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं.

त्यानंतरच्या पहिल्याच धुक्यात मामा भिंतीपाशी काम करत होता. कावळे अचानक गप्प झाले…

थडग्यांच्या रांगेतून एका म्हातारीची हाक आली. आवाज विनिफ्रेडबाईंचा होता.

"अमोस… अमोस…"

दगडाखालून कुणीतरी फार थकलेल्या आवाजात म्हणालं, "मी तो नाही, बाई."

आणि भिंतीपलीकडून, शेतातून, थंडीनं दात वाजवत तो माणूस बोलला. "कोण हाक मारतंय? कुठं आहेस? मी इकडं आहे…"

ती थडग्यापाशी हाक मारत होती. तो शेतात शोधत होता. मधे मामा, हातात छिन्नी. त्या दोघांची जागा माहीत असलेला जगातला एकच माणूस.

मामा ओरडला. "तिकडं! ओढ्याकडं जा! तो तिकडं आहे!" घसा फाटेपर्यंत ओरडला.

दोघांपैकी कुणालाही त्याचं ऐकू आलं नाही.

मामानं ते काम सोडलं. आता तो स्वयंपाकघरातल्या फरश्या बसवतो. मी गेल्या नोव्हेंबरात एकदा मुद्दाम गेलो होतो, धुकं बघून. शेतातून पुरुषाचा आवाज आला नाही. दगडाखालचाही नाही.

फक्त म्हातारीचा आला. ती अजून त्याच थडग्यापाशी अमोसला हाका मारत होती.