सातव्या रांगेतल्या बारा गाठी

चारो रात्रपाळीला आला तेव्हा हातात माहाम्रीची, तळलेल्या गोड पावांची, पुडी होती आणि डोक्यात कसलीच काळजी नव्हती. मोंबासाच्या वेशीवरचं मिरितिनीचं ते गोदाम रमजानच्या शेवटच्या रात्रींत झोपत नसे. सकाळी ईदचा सेल लागणार होता. मोंबासा, उकुंडा आणि मालिंदीच्या दुकानांसाठी तीन ट्रक दाराशी तोंड करून उभे होते. त्यांत चढायच्या होत्या लेसोच्या, बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या छापील कापडाच्या, साठ गाठी, सगळ्या एकाच ईदच्या नक्षीच्या, लाल काठाच्या. चारो पर्यवेक्षक होता. त्याची सही झाल्याशिवाय फाटक उघडत नसे.

कॉम्प्युटर म्हणत होता साठ. तिसऱ्या रांगेत होत्या अठ्ठेचाळीस.

मॅनेजर वेकेसाचा फोन लगेच आला. "हमालांनी पळवल्या. दुसरं काय? पहाटेपर्यंत नाही मिळाल्या तर चोरी म्हणून वजा टाक. बारा गाठींचे पैसे त्यांच्या मजुरीतून कापतो."

"साहेब, परवा ईद आहे. पोरांच्या घरी..."

"मग शोध."

बाहेर आठ हमाल पोत्यांवर बसून होते. महिनाभराची मजुरी त्यांना आज मिळायची होती. फाटकावर प्रत्येकाची झडती होते, पायातले स्लिपरसुद्धा झटकून घेतात. पंचेचाळीस किलोची गाठ लुंगीत लपवून नेता येते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा ती उचलून पाहावी. पण साहेब लोक गाठ उचलत नाहीत, आळ उचलतात आणि सापडेल त्या गरिबाच्या डोक्यावर ठेवतात.

चारोने आधी सगळी हालचाल थांबवली. माल हलत असताना मोजणी म्हणजे वाहत्या पाण्यावरची रेघ. मग एकेक शक्यता खोडली. आलेला पण रॅकवर न चढलेला माल? दाराशी काही नव्हतं. काढून ठेवलेला पण न गेलेला? तोही नाही. परत आलेल्या मालाचा कोपरा रिकामा होता. लेसो जोडीने विकतात, तेव्हा जोडीऐवजी नग मोजले गेले का, तेही पाहिलं. प्रत्येक गाठीत पन्नास जोड्याच होत्या. शेजारच्या निळ्या काठाच्या नक्षीत लाल मिसळली का? नाही.

"आता आंधळी मोजणी," तो म्हणाला.

फोर्कलिफ्ट चालवणारी म्वेंदे जांभई देत खाली उतरली. "म्हणजे डोळे मिटून? ते मी दहा वाजल्यापासून करतेय, दादा."

"म्हणजे आकडा न सांगता. तू दारापासून मोज, मी मागून. मधे एकमेकांना ओलांडू, पण बोलायचं नाही."

दोघं रांगेच्या दोन टोकांना गेले. पत्र्याच्या छपराखाली दिवसाची ऊब अजून तरंगत होती. नव्या कापडाचा खळीचा वास, खाडीवरून आलेली ओल आणि दूर बंदरातल्या जहाजाचा लांबलेला भोंगा. दिव्यांभोवती पाकोळ्या फिरत होत्या. लाल काठ एकावर एक, एकावर एक, जणू कुणी झोपेत घड्या घालत बसलंय. मोजता मोजता चारोला आपलाच आवाज दुसऱ्याचा वाटू लागला.

अठ्ठेचाळीस. तो थांबला. म्वेंदेही थांबलेली होती.

तरी मोजणी चालूच होती.

"...एकोणपन्नास... पन्नास..."

आवाज हलका होता, वयस्क होता, घाईचा नव्हता. प्रत्येक आकड्याआधी एक श्वास, खांद्यावर ओझं घेताना सोडतात तसा.

"दादा," म्वेंदे पुटपुटली, "बाहेरून कुणी...?"

"सगळे बाहेरच आहेत."

"...अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ."

मग शांतता. आणि मग पुन्हा पहिल्यापासून, "बरका... दोन... तीन..."

एकाऐवजी 'बरका' म्हणणारा माणूस या गोदामात एकच होता. हमादी बाबा. पहिल्या गाठीला एक म्हटलं तर दुसरीची हाव सुटते, बरका म्हटलं की बरकत येते, म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी सातव्या रांगेत रॅकचा खांब वाकून माल कोसळला आणि ते खाली चिरडून गेले. खांब आधीच वाकला होता असं हमाल म्हणत. कंपनी म्हणाली, म्हाताऱ्याचा निष्काळजीपणा. निष्काळजीपणाला भरपाई नसते! लेसोची एक जोडी तेवढी अंगावर घालून त्यांचं प्रेत घरी पाठवलं. मग रांगेच्या तोंडावर पत्रा ठोकला, दिवे तोडले, मोजणीच्या यादीतून सातवी रांगच काढून टाकली. यादीत नाही म्हणजे गोदामात नाही.

"तिकडे कुणी पाहिलं नाही," चारो म्हणाला.

"पाहूही नये."

पण ती मागून आलीच. पत्र्याचे खिळे जागच्या जागी गंजलेले होते. दोघांनी तो उचकटला. आतला अंधार गार होता, आणि त्याला लवंगेच्या तेलाचा वास होता. बाबा गुडघ्यांना तेच चोळत.

टॉर्चच्या उजेडात गाठी दिसल्या. बारा. लाल काठाच्या. एक थर आडवा, एक उभा, शिक्के बाहेरच्या बाजूला, वरची गाठ किंचित मागे सरकवलेली. फोर्कलिफ्ट असं रचत नाही, आणि फोर्कलिफ्ट तिथे शिरणारही नव्हती.

म्वेंदेने एका गाठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ओली आहे. एकाच बाजूने... कोमट... घामासारखी..."

त्यांनी हमालांना हाक मारली. एकेक गाठ खांद्यावर गेली आणि तिच्यामागे दडलेला खांब उघडा पडला. तळाशी फोर्कलिफ्टच्या धक्क्याने पडलेला जुना पोचा, त्यावर चढलेला गंज, आणि गंजावरून घाईघाईने फासलेला नवा पिवळा रंग. अपघातानंतर गंज दोन महिन्यांत इतका जुना होत नाही. ते पाहायला इंजिनियर लागत नव्हता.

शेवटची गाठ उचलली तेव्हा म्वेंदेने चारोची बाही घट्ट धरली. गाठींखालची धूळ बोटभर जाड होती आणि तिच्यावर एक रेघही उमटली नव्हती.

पहाटे वेकेसा आला. साठ गाठी ऐकून हसला. "शाब्बास! सापडल्याची जागा 'परत आलेला माल' अशी टाक आणि सोड गाड्या."

"जागा सातवी रांग आहे."

"चारो, ती रांग नाहीच."

"मग गाठी कुठून आल्या, साहेब? नोंदीच्या दुरुस्तीत जागा लिहावी लागते. सातवी लिहितो, आणि सातवी लिहिली की तपासनीस येऊन खांब बघणार. नाहीतर सही करत नाही. गाड्या उभ्या राहू द्या, दुकानं उघडतील तेव्हा तुम्ही सांभाळा."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. पण या आठ जणांची मजुरी आत्ता."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मालिंदीच्या दुकानदाराचा फोन वाजत होता. वेकेसाने घड्याळ पाहिलं, दात खाल्ले आणि मान डोलावली. चारोने 'सातवी रांग' असं लिहिलं, खांबाचे फोटो जोडले, सही केली. हमालांच्या हातात पैसे पडले. फाटक उघडलं. साठ चढल्या, साठ गेल्या. कॉम्प्युटर आणि जमीन पहिल्यांदाच एकमेकांशी खरं बोलत होते.

दूरच्या मशिदीतून अजान आली. म्वेंदेने माहाम्रीची पुडी पुढे केली. "खा. तुझा उपास नाही, आणि मला एकटीला गिळवत नाहीये."

तेवढ्यात त्यांना वेकेसा दिसला. हातात पाना आणि रंगाचा डबा घेऊन तो एकटाच पत्र्यामागे शिरत होता. तपासनीस यायच्या आत खांब 'नीट' करायचा असणार.

"साहेब, आत जाऊ नका," चारो ओरडला.

"माझ्याच गोदामात?" आतून आवाज आला. टॉर्चचा उजेड थोडा वेळ हलत राहिला. मग थांबला.

त्या काळोखातून एक श्वास ऐकू आला, ओझं खांद्यावर घेताना सोडतात तसा.

"एकसष्ट..."