हे वाक्य नक्की कुणाचं?

शेवटी त्यांचं लग्न झालं. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही.

तर ती दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरकडे निघाली होती आणि एक दार अलीकडेच शिरली. आत खुर्ची होती, दिवा होता, काचेपलीकडे कानांवर काहीतरी चढवलेला एक गंभीर तरुण होता. ती बसली. तिनं आ केला.

"छान. आता थोडं वाचून दाखवा," तो म्हणाला.

डॉक्टर वाचायला का लावतात ते तिला कळेना, पण असेल नवी पद्धत. तिनं समोरचं पान वाचलं. गाल सुजल्यामुळे आवाजात एक... एक ओल आली होती. हा दवाखाना नव्हताच; ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता, बोलकी पुस्तकं करायचा. मालकीण त्या तरुणाची आत्या. आधीची वाचिका घसा बसून घरी गेलेली. "हीच!" आत्या म्हणाली. दाढ पुढे यथावकाश निघाली. मुलगी राहिली.

तो तिला दाढबाई म्हणायचा, ती त्याला बटणराव. काचेतून बोलायला त्याला बटण दाबावं लागे, आणि बोलण्याआधी तो ते उगाचच दाबून सोडत बसे. त्याचं तिच्यावर प्रेमबिम मुळीच नव्हतं. छे! बटण चालतंय की नाही हे बघायला नको माणसानं?

(ही शेवटची वाक्यं माझी नव्हेत, त्याची. मी फक्त माझ्या तोंडून जाऊ दिली.)

कादंबरी जुनी, जाडजूड. एक शिंपीण एका मोजणीदाराची वाट बघते. शेवटच्या दिवशी, शेवटच्या प्रकरणात दाढबाई अडली:

शिंपिणीनं दार लावलं. मोजणीदाराला केवढा व्याप! उद्या तो येणारच होता.

"सपाट वाचा," बटणराव म्हणाला. "अवतरणचिन्ह नाही, 'तिला वाटलं' नाही. निवेदक सांगतोय."

"अहो, पण निवेदकाला काय माहीत आहे ते बघा ना! मघाशी त्यानंच सांगितलं, मोजणीदार पलीकडच्या गावात पत्ते कुटत बसलाय. मग निवेदकाला 'केवढा व्याप' कसा वाटेल?"

"म्हणजे निवेदक थापा मारतो?"

"नाही हो. तिचं मन तो आपल्या वाक्यात चालू देतो. 'तो', 'होता', हे कपडे निवेदकाचे. आतलं माणूस ती. त्याच्या लेखी गोष्ट कधीच घडून गेली, त्याला कसला आलाय उद्या? उद्या तिचा. 'केवढा' तिचं. आणि 'येणारच'... तो ठामपणा तर तिनं जिवापाड धरून ठेवलाय."

"बरं बाई, मग रडवेलं वाचा. सगळं तिचंच."

"तेही नको! मग ते पत्ते विसरले जातील. दार लावलं, हे निव्वळ निवेदकाचं. पुढे मात्र दोघं आहेत. ती विश्वास ठेवतेय, आणि तो शेजारी उभा... सगळं ठाऊक असून गप्प. दोघं एकदम ऐकू यायला हवेत."

आत्यानं दारातून डोकं घातलं. "अरे, एका ओळीत किती माणसं कोंबताय? आटपा. हिचं काम आज संपतंय, उद्या ही कशाला येतेय इथे!"

आत्या गेली. बटणरावानं घड्याळ पाहिलं. त्यानं बटण दाबलं, सोडलं, दाबलं. आणि पुस्तकात वाचल्यासारखा बोलू लागला...

"ध्वनिमुद्रकानं घड्याळ पाहिलं. काम संपत आलं होतं. काय आवाज होता तिचा! आणि उद्या समोर नुसती खुर्ची... मग करायचं काय माणसानं?"

तिनं पान हळूच खाली ठेवलं.

"घड्याळ पाहिलं, हे निवेदकाचं," ती म्हणाली. "काम संपत आलं, चालेल, तेही त्याचंच. पण 'काय आवाज होता तिचा' हे कुणाचं?"

"नि... निवेदकाचंच."

"निवेदक असे भाळत नाहीत, बटणराव."

"मग... कुणाचं असेल?"

"ते तुम्ही सांगा. 'मी' लावून."

त्यानं बटण दाबलं. सोडलं. मग कानांवरचं काढून ठेवलं, उठला, वळसा घालून दारातून आत आला. काचेशिवाय तो बराच लहानखुरा दिसत होता.

"मला तू आवडतेस. हे माझं आहे. निवेदकाचा काडीचा संबंध नाही."

"इश्श, इतकं सरळ?" ती लाजली. "थोडं तरी अधांतरी ठेवायचं! बरं, आता माझं ऐक. दाढबाईला तो पहिल्या दिवसापासून आवडत होता. केवढा घोळ घालणारा माणूस!"

"हे कुणाचं?"

"पहिलं निवेदकाचं. म्हणजे खरंच आहे. दुसरं माझं. म्हणजे तेही खरंच आहे."

मग तिनं ती ओळ वाचली. एका दमात, एकाच आवाजात, आणि दोघं ऐकू आले. शिंपीण हसत दार लावत होती. शेजारी कुणीतरी मान खाली घालून उभं होतं. बाहेर ऐकत बसलेली आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मेल्यानं सगळं माहीत असून तिला सांगितलं नाही!" आणि तिनं कागद ओढून लिहायला घेतलं:

मा. कादंबरीकार (कैलासवासी) यांस, सविनय विनंती अर्ज. आपल्या निवेदकानं सदर शिंपिणीस मोजणीदाराच्या पत्ते कुटण्याची माहिती परत डाकेनं कळवावी, आणि ती पोचल्याची पावती, तिच्याच सहीनिशी, या कार्यालयास पाठवावी.