गाळलेले नाव

निवृत्तीच्या दिवशी सकाळी मी महाडच्या बाजारात पाने घ्यायला गेलो. आमच्या कचेरीत रिवाज होता. हार-नारळ बाकीच्यांनी आणायचे, पानसुपारी मात्र ज्याला निरोप आहे त्याने स्वतः आणायची. मी पन्नास पाने घेतली, सुपारी कातरून घेतली आणि कचेरीची वाट धरली. डिसेंबर १९३४. सावित्री नदीवरचे धुके दहा वाजले तरी हलले नव्हते.

कचेरी कोणती ते विचारू नका. मी तिथे पट्टेवाला म्हणून लागलो. नोकरीत राहून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली आणि कारकून झालो. शेवटची अठरा वर्षे दफ्तर माझ्या ताब्यात होते. दफ्तर म्हणजे तालुक्याचे सारे जुने कागद. खारव्याच्या, म्हणजे जाड लाल कापडाच्या, फडक्यात बांधलेले त्यांचे गठ्ठे, त्यांना आम्ही रुमाल म्हणतो. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’चे तीस वर्षे, ‘क’चे दहा, ‘ड’चे एक वर्ष. मला कुठला रुमाल कुठल्या फळीवर आहे ते अंधारात सांगता येई. एकच रुमाल कमी होता. त्याचीच ही हकीकत.

दहा वर्षांपूर्वी, भाद्रपदात, कापडे गावाकडे पुराने बांध फुटले होते. पाहणीसाठी तेव्हाच्या साहेबांचा मुक्काम तिकडे होता. तिथून चिठ्ठी आली, अमुक गटांचे मोजणीचे नकाशे ताबडतोब पाठवा. ते ‘अ’ वर्गातले. नियम असा की तसा रुमाल बाहेर जायचा तर नोंदवहीत चढवायचा आणि दफ्तराच्या कारकुनाने स्वतः घेऊन जायचे. त्या दिवशी माझ्या घरी गौरी होत्या. आणि खरे सांगायचे तर पावसात नदी उतरून जाणे मला कारकून झाल्यापासून कमीपणाचे वाटे. मी सयाजी पट्टेवाल्याला बोलावले, रुमाल त्याच्या डोक्यावर दिला आणि आज पोचलाच पाहिजे असे सांगितले. नोंदवहीत काही चढवले नाही.

पोलादपूरच्या पुढे नदीच्या उतारावर, पाण्यातून पलीकडे जाताना, तो वाहून गेला. तिसऱ्या दिवशी प्रेत मिळाले. रुमाल मिळाला नाही.

चौकशी झाली. मी जबाब दिला की सयाजीने माझ्या माघारी, हुकमावाचून रुमाल नेला. नोंदवही कोरी होती, तेव्हा माझे खरे ठरले. त्याच्या नावापुढे तसा शेरा बसला. त्याच्या मुलाला, पांडूला, मोठा झाल्यावर बापाच्या जागी घेऊ असे साहेब आधी म्हणाले होते. त्या शेऱ्यामुळे ते राहिले. सयाजीची बायको ठमाबाई कचेरीत पाणी भरू लागली. दहा वर्षे मी तिच्या हातचे पाणी प्यालो.

आमच्याकडे निरोपाच्या भाषणाची एक रीत होती. निरोप घेणारा साहेबांपासून सुरुवात करी, मग अव्वल कारकून, कारकून, तलाठी, पट्टेवाले, सगळ्यांचे नाव घेऊन आभार मानी. शेवटी नोकरीत असताना जे वारले त्यांची नावे घेई. प्रत्येक नावाला तबकात एक विडा उलटा ठेवी. सयाजीचे नाव दहा वर्षांत कुणी घेतले नव्हते. हुकमावाचून गेला तो नोकरीत गेला नाही, असा हिशेब.

आठ दिवस आधी ठमाबाई दफ्तराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात घागर.

“भाऊसाहेब, तुमच्या भाषणात त्यांचा विडा ठेवाल ना?” ती म्हणाली. “तुम्ही ठेवलात तर साहेबाला पटंल. पांडू बावीस वर्षांचा झाला. मुंबईत गोदीत वझी उचलतो. दुसऱ्या कोनाचं ऐकनार नाय कोन.”

मी पाहतो म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही. तिला काय ठाऊक होते ते मला कधी कळले नाही.

त्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत मी चार्ज दिला. नवा कारकून यादी वाचायचा, मी फळीवर हात ठेवायचा. दुपारी तीनला चार्ज रिपोर्टाच्या तीन प्रतींवर दोघांच्या सह्या झाल्या. ‘दुपारनंतर चार्ज दिला’, ‘दुपारनंतर चार्ज घेतला.’ किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात टाकला आणि माझी कंबर एकदम रिकामी वाटू लागली. इतका थकवा मला कधी आला नव्हता. कुठे तरी भिंतीला टेकून बसावे, बस्स.

पाच वाजता मोठ्या खोलीत बाके मांडली. साहेब बोलले. महिपतराव म्हणून आमचे अव्वल कारकून, ते बोलले. माझ्या अक्षराची तारीफ झाली. महिपतराव म्हणाले, भाऊसाहेब घरी गेले तरी घरातली भांडी वर्गवारीने लावतील. लोक हसले. हार घातला, हातावर अत्तर लावले. मी उठलो. समोर भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. ठमाबाई दाराशी, चौकटीला धरून उभी.

कागद मी वाचत नव्हतो. नावे पाठ होती. साहेबांचे आभार, महिपतरावांचे, एकेकाचे. मग वारलेल्यांची नावे. चार जण. चार विडे उलटे ठेवले. पाचवा विडा माझ्या हातात होता.

मी ठमाबाईकडे पाहिले. मनात आले, एवढेच नाव घे. बाकी काही सांगू नकोस. मग मनात आले, नाव घेतले की साहेब विचारणार, याचे नाव कसे? मग नोंदवही निघणार. तेहतीस वर्षांची नोकरी, आज शेवटचा तास. मी विडा उलटा न करताच तबकात परत ठेवला आणि म्हणालो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

हे मी म्हणालो. हे मला पक्के आठवते.

मग वास आला. गाळाचा, ओल्या खारव्याचा. पावसाळ्यात दफ्तराला येतो तसा, पण खोलीत नव्हता... माझ्या तोंडात होता.

त्यानंतर मी पाहिले तेव्हा खोलीत गॅसबत्ती लावलेली होती. घड्याळात सहाला पाच कमी. मी उभाच होतो. हसणारे कुणी नव्हते. महिपतराव टेबलाशी बसून भराभर लिहीत होते. तबकात पाचवा विडा उलटा होता.

साहेब हळू आवाजात म्हणाले, “हुकूम तुम्ही दिला होता?”

मी काय बोललो होतो ते मला ठाऊक नव्हते. पण विचारले ते कळले. नाही म्हणायला ताकद लागते. माझ्यात ती उरली नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “मीच दिला.”

साहेबांनी जबाब म्हणून कागद पुढे केला. मी न वाचता सही केली.

बाहेर पायरीवर ठमाबाई बसली होती. मी हार काढून हातात घेतला होता. ती माझ्याकडे न बघता बोलली.

“आवाज तुमचाच व्हता, भाऊसाहेब. पन मला ‘ठमे’ म्हनालात...”

ती उठली, पदर सावरला आणि चालू लागली.

जबाबाची नक्कल मला आठवड्याने मिळाली. तीन पाने. महिपतरावांनी ऐकले तसे उतरवले होते, एक शब्द सुधारला नव्हता. ‘रुमाल मी डोईवर धरला. पाणी मांडीला लागलं तवा मागं फिरावं वाटलं. पन भाऊसाहेब म्हनाले व्हते आजच पोचला पायजे. मंग पायाखालचा धोंडा सुटला.’ असे दोन पाने. ‘ठमे, पोराला शिकीव,’ असे एका ठिकाणी. मी पाचाडच्या अलीकडचा, खेड्यातला माणूस. पण कारकून झाल्यावर ती बोली मी जिभेवरून काढून टाकली होती.

तिसऱ्या पानावर शेवटी एवढेच होते.

‘हितं खाली मी एकटा नाय. शेजारी एक जन बसलाय. त्याला नाव इचारलं. त्यो म्हनतो, माजा हुकूम अजून निघायचा हाय.’

मी दफ्तराचा माणूस. ओळखीने आत जाऊन चाळीस वर्षांचे पट पाहिले. आमच्या कचेरीचा दुसरा माणूस नदीत कधी गेलेला नाही. कुणाचा हुकूम राहिलेला नाही. महिपतराव म्हणाले, भाऊसाहेब, ते सोडा, तुम्ही त्या दिवशी थकला होतात. मीही तसेच धरले.

साहेब माणूस सचोटीचा. त्यांनी जबाब वर पाठवला. मला ताशेरा आला, तो मी घेतला. सयाजीच्या नावापुढचा शेरा खोडून ‘हुकमावरून गेला, सरकारी कामी वारला’ असे लिहिले गेले. पाडव्याच्या सुमारास ठमाबाईने निरोप धाडला, साखर खायला या. पांडू मुंबईहून आला आहे.

मी गेलो. संध्याकाळ होती. अंगण सारवलेले, चार शेजारी बसलेले. पांडू बापासारखाच उंच. त्याने कागद माझ्या हातात दिला आणि हसून म्हणाला, “वाचा भाऊसाहेब, तुमच्या हातानंच झालं हे.”

नेमणुकीचा हुकूम होता. पांडू सयाजी, टपाली पट्टेवाला. काम, पोलादपूर ते कापडे टपाल नेणे-आणणे. वाटेत तोच नदीचा उतार. हुकमाची तारीख कालची.

मी तो दोनदा वाचला. वर पाहिले तर ठमाबाई वाटीत साखर घेऊन समोर उभी. तिच्या तोंडावर दहा वर्षांत न पाहिलेले समाधान. सांगायलाच हवे होते. पोराला ही नोकरी घेऊ देऊ नकोस, एवढेच. एकदा गप्प राहून काय झाले ते मला ठाऊक होते. या वेळी मी गप्प राहणार नव्हतो. मी हुकूम खाली ठेवला, उठून उभा राहिलो आणि तोंड उघडले.

तोंडात गाळाचा वास आला.

त्यानंतर मी पाहिले तेव्हा दिवा लागला होता. माझ्या मुठीत साखर होती, विरघळून बोटांतून गळत होती. शेजारी हात जोडून उठत होते. पांडू नवा पट्टा खांद्यावरून घेऊन कमरेला बांधत होता.

“ठमाबाई,” मी विचारले, “मी... काय बोललो?”

तिने पदराने डोळे पुसले.

“आभार मानलेत, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “एकेकाचं नाव घेऊन. पांडूचं बी घेतलंत. शेवटी.”