चौदा एमबी

मला पहिल्यांदा खटकली ती शांतता. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मोडेमच्या छोट्या स्पीकरमधली खरखर एकदम थांबली. पाण्यावरचा फेस बसावा तशी. मागे उरला फक्त मोडेमचा स्वतःचा एकसुरी सूंऽऽ आवाज. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आमच्या लाईनला खरखर नाही असा एकही दिवस मी पाहिला नव्हता.

सांगते. पण मध्ये उठू नका, मला एकटीला हे पुरं सांगता येत नाही.

सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर. डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदरच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. पुढे एसटीडीचं काचेचं खोकं, आत एक कॉम्प्युटर, स्कॅनर आणि मोडेम. बी.कॉम. होऊन नोकरी लागेना म्हणून टाकलेलं. गाळा दामाजीशेठचा. पूर्वी मिठागरं होती त्यांची, आता त्या जागी चाळी आणि इमारती. त्यांचा पन्नासावा वाढदिवस परवावर आला होता आणि त्याचं मोठं रंगीत पोस्टर मी बनवलं होतं. ते छापायचं होतं पुण्याच्या एका प्रेसमध्ये.

रात्री दहाला शेठ आले. हातात नवा फोटो.

"उत्तरा, तो जुना फोटो काढ. त्यात मी आजारी दिसतो."

"शेठ, सकाळी साडेसहाला त्यांचं मशीन सुरू होतं. आता फ्लॉपीवर भरून पुण्याला कोण..."

"तुझं ते यंत्र आहे ना? फोनवरून फोटो जातो म्हणून बोर्ड लावलायस. की नुसताच बोर्ड?" ते हसले. मग हसू न पुसता म्हणाले, "सकाळी पोस्टर सुरू, नाहीतर सकाळी गाळ्याची चावी. बघ बाई."

मी फोटो स्कॅन केला, बसवला, फाईल दाबून लहान केली. तरी चौदा एमबी. प्रेसमधल्या प्रभाकरला फोन केला. तो म्हणाला, मी मोडेम चालू ठेवून झोपायला जातो, तो आपोआप फोन उचलेल, तुम्ही पाठवत राहा. अकरानंतर एसटीडीचा दर पावपट होतो, म्हणून अकराला मी लावलं.

मोडेमने नंबर फिरवला. पलीकडच्याने उचललं. दोन्ही मोडेमची ती नेहमीची किंकाळी-खरखर झाली, आणि पडद्यावर आकडा आला: २४००. माझं मोडेम याच्या बारापट वेगाने बोलू शकत होतं. पण दोन मोडेम आधी लाईन चाचपतात, आणि लाईनला जेवढं झेपेल तेवढ्यावरच तडजोड करतात. आमच्या लाईनला एवढंच झेपत होतं.

फाईल एकदम जात नाही. तिचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यामागे एक पडताळणीचा आकडा. पलीकडे तो आकडा जुळला तर पुढे, नाही जुळला तर पलीकडचा सांगतो, अमुक ठिकाणापासून परत पाठव. खरखरीत तुकडे मरत होते. 'चुका' लिहिलेल्या रकान्यात बेचाळीस, त्रेचाळीस, साठ. मग लाईनच तुटायची, पडद्यावर काहीतरी अगम्य चिन्हं सांडायची, मी पुन्हा नंबर फिरवायची. एक बरं होतं, अर्धवट फाईल पलीकडे जपून ठेवलेली असे आणि तुटलं तिथूनच पुढे सुरू होई. साडेबाराला मी हिशेब केला. दीड तासात एक एमबीसुद्धा नाही. या वेगाने उद्या रात्र.

मग मी भगवानच्या घरी फोन लावला.

भगवान कोळी आमच्या भागाचा लाइनमन. रोजंदारीवर होता, कायम व्हायचं पत्र दामाजीशेठच्या ओळखीवर अडलेलं. त्याने मला मागेच सांगितलं होतं की खाडीच्या वळणावर केबलचा जोड आहे, त्यात खारं पाणी शिरतं, तांबं सडलंय, नवी केबल येईपर्यंत असंच चालायचं.

"आता? ताई, साडेबारा झाले," तो म्हणाला. मागे त्याची बायको काहीतरी पुटपुटली.

"शेठचं काम आहे, भगवानभाऊ. नाही झालं तर मी त्यांना काय सांगू? तुम्ही आला नाहीत म्हणून सांगू?"

बायकोला काहीतरी सांगून तो परत फोनवर आला. "येतो."

'तुम्ही आला नाहीत म्हणून सांगू?' हे मी म्हटलं. कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

सव्वाला माझा फोन वाजला. खाडीच्या वळणावरच्या, केबलच्या जोडाच्या खड्ड्यातून, त्याच्या तपासणीच्या हातफोनवरून.

"ताई, तुमच्या फोनच्या दोन तारांतली एक पार गेलीय. बोटभर उरलीय. पिळली की तुटते. दोन टोकं नुसती दाबून धरली की चालतंय, बघा... आता?"

खरखर निम्म्यावर आली.

"हो! तसंच धरा!"

"धरून बसू? किती वेळ?"

मी नंबर फिरवण्याआधीच मनात भागाकार केला होता. या लाईनवर ९६०० मिळालं, तर चार तास.

"तासभर," मी म्हटलं.

"मग ठीक. भरती अडीचची हाय. पानी वर चरायच्या आत आटपा. आनि आता मी बोलनार नाय, बोललो तर तुमचं तुटंल."

९६०० मिळालं. आकडे धावू लागले. चुका क्वचित, एखादी. मी चहाचा थर्मास उघडला. तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी गुणगुणत होते, खरंच सांगते.

दोनला पाच कमी असताना लाईन तुटली. लगेच फोन वाजला.

"ताई..." त्याचे दात वाजत होते. "पानी कमरेला लागलंय. गटारातनं उलटं येतंय. हाताला मुंग्या येतात. खरं सांगा, किती राहिलं?"

पडद्यावर लिहिलेलं होतं: तीन तास पंचवीस मिनिटं.

"दहा मिनिटं," मी म्हटलं. "फक्त दहा, भगवानभाऊ. आता सोडलंत तर सगळं फुकट."

तेही खोटं होतं. फुकट काहीच जाणार नव्हतं. तुटलं तिथून सुरू झालं असतं.

फोनमध्ये डुबुक असा आवाज आला आणि मग टोन. मी नंबर फिरवला. जोडलं गेलं. आणि दोन वाजून दहा मिनिटांनी खरखर थांबली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. तो आता सोडेल, आता सोडेल, म्हणून मी रकान्याकडे बघत होते. चुका एकसष्ट. एकसष्टच. मी मनाशी म्हटलं, ओहोटी लागली असेल. मनाशी असंही म्हटलं की खाडीचं वळण तीन मिनिटांवर आहे, जाऊन बघ. शटर अर्धं उचललं. बाहेर एकही दिवा नव्हता, खाडीचा कुजका, खारट वास आत आला. मी शटर परत खाली ओढलं. मला अंधाराची भीती वाटते. लहानपणापासून.

साडेतीनला स्पीकरमधून तो बोलला.

"किती राहिलं...?"

त्या सूंऽऽच्या आतून. अगदी हळू, घशात पाणी असल्यासारखं. मी पडद्याकडे पाहिलं. लाईनवर माणूस बोलला की तुकडे मरतात, चुका वाढतात, बहुतेक वेळा सगळं तुटतं. ते त्यानेच मला सांगितलेलं. रकाना एकसष्टवर होता. आकडे धावत होते.

त्याला माझा आवाज जाणं शक्य नव्हतं. रिसीव्हर जागेवर होता. तरी मी रिकाम्या दुकानात पुटपुटले, "थोडंच... थोडंच राहिलंय."

"बरं..." स्पीकर म्हणाला.

साडेचारला पुन्हा. "ताई, किती...?" मी पुन्हा तेच म्हटलं. या वेळी त्याने 'बरं' म्हटलं नाही. नुसता श्वास ऐकू आला, आत घेतलेला. बाहेर सोडलेला मात्र ऐकू आला नाही. स्पीकर बंद करायची एक छोटी आज्ञा असते, पण ती द्यायला फाईल थांबवावी लागली असती. मी थांबवली नाही. कानात बोटं घालून बसले.

पाच वाजून चोवीस मिनिटांनी पडद्यावर आलं: पूर्ण झाली. चुका एकसष्ट.

शटरच्या फटीतून करडा उजेड येत होता. कोणीतरी शटरवर थापा मारल्या. मी ओरडलेच. भगवानची बायको, शेवंती होती. पदर ओला, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. ती रडत नव्हती.

"ताई, राती तुमचाच फोन आलता ना?"

मी मान हलवली.

"गेले ते. तीन वाजता जाळी लावून होडी परत आली, तेव्हा दिसले. खड्डा भरलेला, मुंडी पान्यात, एक हात तेवढा वर." तिने स्वतःचा हात वर धरून दाखवला, अंगठा आणि बोट चिमटीत. "माझ्या दिराने काढले त्यांना. चिमूट सुटंना. शेवटी तार कापली. दोन्ही बाजूंनी. चिमटीत तुकडा तसाच हाय."

"तीन वाजता?" मी विचारलं. "तीन वाजता तार कापली?"

"तीनला. दवाखान्यात पोचलो तवा घड्याळात सव्वातीन झालते." ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. "कुनाचं एवरं काम होतं ताई?"

मॉनिटरवर पोस्टर उघडं होतं. शेठ हसत होते. या फोटोत ते आजारी दिसत नव्हते.

ती थोडा वेळ त्या फोटोकडे बघत राहिली आणि गेली. तिला बसा म्हणायचंही माझ्या लक्षात आलं नाही.

प्रेस थांबवायला हवी, एवढंच मला कळलं. ते पोस्टर छापू नका, प्रभाकर, ते फाडून टाका. प्रभाकर सकाळी आल्या आल्या मोडेम काढून फोन जोडतो, म्हणजे आता माणूसच उचलेल. मी मोडेमची तार ओढून काढली आणि रिसीव्हर उचलला.

टोन होता. तार तीन वाजल्यापासून कापलेली होती, आणि टोन होता. इतका स्वच्छ मी तो कधीच ऐकला नव्हता.

नंबर फिरवताना दोनदा चुकले. तिसऱ्यांदा नंबर लागला. पलीकडे घंटी वाजू लागली. पाच वेळा. दहा वेळा. मी मोजत गेले. उचल, प्रभाकर. पंधरा. वीस. बाहेर दूधवाल्याची सायकल गेली. तेवीस...

कोणीतरी उचललं.

"हॅलो? प्रभाकर?"

पलीकडे पाणी हललं.

"ताई... मग आता हात सोडू का?"