जोडचित्रातले डोळे

बसा. दिव्याजवळची जागा माझी, मी म्हातारा आहे, मला भीती वाटते. हसू नका. ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्यावर ती गुदरली तिला मी ओळखतो. ती खोटं बोलत नाही. खोटं बोलायचं काम मी करतो, पण आज सुट्टी.

ती डिझायनर. नोकरी नाही, घरी बसून मिळेल ते काम. डब्यांवरची लेबलं, दुकानांच्या पाट्या, पुस्तकांची कव्हरं. लोकांचे चेहरे कातरून इकडचे तिकडे चिकटवते म्हणून आम्ही तिला कात्री म्हणायचो. खोली पहिल्या मजल्यावर. खाली घड्याळवाल्याचं दुकान, मागे त्याचं घर. ती त्याला दादा म्हणायची. आजारपणात पंधरा दिवस याच दादाने तिला वर ताट पोचवलेलं. अशा माणसाचा शब्द कोण तपासतं? तुम्ही तपासता? तपासत जा.

दादाची बायको वारली तेव्हा पोर दहा महिन्यांची. नाव काही का असेना, सगळे तिला चिमणी म्हणत. आता सात वर्षांची. आईचे फोटो पेटीत ओल लागून एकमेकांना चिकटले, सोलायला गेले तर चेहरेच निघाले. उरला एक, कुठल्याशा सहलीचा, चाळीस माणसांचा. त्यात आई तिळाएवढी. दादा म्हणाला, "चिमणी विचारते गं, आई कशी होती. नातेवाइकांचे फोटो देतो. जोडून एक चेहरा कर."

कात्रीने आधी पत्र लिहिलं. ही तिची पद्धत. कामाआधी पत्र, पत्रावर सही. सोमवारी संध्याकाळी ती ते द्यायला खाली उतरली. पत्र मी वाचलंय. अक्षर सुबक, माझ्यासारखं कोंबडीचे पाय नाही.

"दादा, तुम्ही दुखावू नये म्हणून आधीच लिहिते. सहलीच्या फोटोतला चेहरा मी मोठा करू शकते, पण जे त्यात टिपलंच गेलं नाही ते मोठं करून येत नाही. कॉम्प्युटर मधली जागा भरतो ती त्याच्या अंदाजाने, वहिनींच्या चेहऱ्याने नव्हे. म्हणून तिथून मी फक्त मापं घेईन. दोन डोळ्यांत अंतर किती, नाक त्या मानाने लांब किती, कपाळ किती. ओठ वहिनींच्या आईच्या फोटोवरून, वय कमी करून. हनुवटी चिमणीची, पण लहान मुलाचा जबडा मोठ्या बाईला बसत नाही, तेव्हा फक्त खळी. कान दिसत नाहीत, ते केसांआड ठेवेन, ठोकून देणार नाही. सगळे फोटो एकाच बाजूच्या उजेडातले हवेत, आणि हाताच्या अंतरावरून काढलेले नकोत, त्यात नाक फुगतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळे आणि भुवया. माणूस चेहरा तिथूनच ओळखतो. बाकी सगळं वहिनींचं असलं आणि डोळे दुसरीचे, तर चित्र त्या दुसरीचंच वाटेल. म्हणून डोळे सख्ख्या बहिणीचेच द्या, आणि तिची लेखी परवानगी आणा. इतकं करूनही ज्यांनी वहिनींना पाहिलंय ते म्हणतील, त्यांच्या घरातली कुणीतरी दिसते. त्यापलीकडे माझा हात जात नाही. हा फोटो नाही, जोडचित्र आहे. चिमणीला तसंच सांगा. खाली तसं लिहिलेलं असेल, ते काढू नका."

दादाने दोनदा वाचलं. डोळ्यांचं वाक्य तिसऱ्यांदा. "किती प्रामाणिक गं तू," म्हणाला, आणि सही केली. दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. फोटो, आणि बहिणीच्या सहीचा कागद. बहीण परगावी, फोन कशाला करायचा? दादाने आणलाय म्हणजे झालं.

बुधवारी तिने कच्ची प्रत छापून दिली. खाली पट्टीवर, 'जोडचित्र'.

गुरुवार. रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं. ती शेवटचा हात फिरवत होती. ए, तू पाय खाली कशाला सोडलेस? राहू दे, राहू दे.

तिच्या कामात चेहरा म्हणजे पापुद्र्यावर पापुद्रा. त्याला लेअर म्हणतात. ओठांचा वेगळा, कपाळाचा वेगळा. प्रत्येकाशेजारी बारीकसं डोळ्याचं चिन्ह. ते मिटलं की तो पापुद्रा दिसेनासा होतो.

डोळ्यांचा लेअर गेला.

तिला वाटलं, चुकून बोट लागलं. परत लावला. भुवया नीट केल्या. पुन्हा गेला. चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसती कातडी...

तिने माऊसची वायर उपटली. हात मांडीवर ठेवले. बसली.

चिन्ह उघडं होतं.

मग मिटलं.

मागे कुणीतरी श्वास घेतला. तिने वळून पाहिलं नाही. मी पाहिलं असतं का? ...नाही.

बऱ्याच वेळाने, काय मनात आलं कोण जाणे, तिने पट्टी घेतली. पडद्यावरच मापलं. सहलीच्या फोटोत दोन डोळ्यांमधे एक डोळा मावेल इतकीच जागा. पाकिटातल्या बहिणीच्या डोळ्यांत चांगला दीड. दोन रात्री ती ते डोळे दाबून दाबून जवळ आणत होती आणि मनाची समजूत घालत होती, बहिणी-बहिणीत असतो फरक. इतका?

मागचा श्वास थांबला. उजाडेपर्यंत ती तशीच बसून.

सकाळी खाली गेली. गल्ल्याशेजारी एक बाई चहा पीत होती. कात्री शेवटच्या पायरीवरच थांबली. ते डोळे. त्या भुवया. दोन रात्री ज्यांच्यावर मान मोडली, ते तिच्याकडे बघून हसले.

"तुम्हीच ना त्या फोटोवाल्या? यांनी माझा घेतला होता. केलात का सुंदर?"

बिचारीला काही ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात दादाशी लग्न, एवढंच ठाऊक.

तेवढ्यात चिमणी आतून आली. दप्तर पाठीवर. बाईकडे टक लावून बघत राहिली. "तुम्ही माझ्या आईसारख्या दिसता," म्हणाली. आणि जाऊन तिला बिलगली.

दादा भिंग डोळ्याला लावून घड्याळात वाकला. हसू लपवायला.

बाई चिमणीला शाळेत सोडायला गेली तशी कात्री म्हणाली, "दादा, बहिणीची सही?"

"अगं, सहीचं काय घेऊन बसलीस. तूच लिहिलंस ना, डोळे ज्याचे चेहरा त्याचा? पोरीला नवी आई परकी वाटू नये. कुणाचं काय गेलं यात?"

"ज्या बाईचा चेहरा तिच्याच पोरीपासून चोरलात, तिचं गेलं. मी तुम्हाला सावध करायला लिहिलं होतं. तुम्ही त्यावरून चोरी शिकलात."

"चोरी? ताट वर पोचवताना चोर नव्हतो मी."

ती तडक मागच्या घरात शिरली. ज्याचं खाल्लं त्यानेच गळा कापला.

आत चिमणीच्या पलंगासमोर चित्र टांगलेलं, तीच बुधवारची कच्ची प्रत. काचेत, फ्रेममधे. खालची पट्टी कापून टाकलेली. कात्रीने हात वर केला. दादा दारात उभा.

"उतरव. खुशाल उतरव. फक्त पोर शाळेतून आली की तिला तूच सांग, आई कुठे गेली ते."

हात खाली आला.

वर जाऊन तिने कॉम्प्युटरमधला सगळा चेहरा पुसला. भिंतीवरचा कसा पुसणार?

शनिवारी पहाटे दादाने तिचं दार वाजवलं. नुसतं खाली चल, अशी खूण.

चिमणी झोपलेली. कुशीवर, तोंड चित्राकडे.

फ्रेमची काच धुरकटलेली. दादाने बाहीने पुसली. पुसली जाईना. आतून होती.

फ्रेम मागून कागदपट्टीने बंद. पट्टी शाबूत. त्याने काच बदलली. रविवारी तेच. पुन्हा बदलली. आजही तेच, असं ती सांगते.

चित्र त्या वाफेआड दिसत नाही. फक्त मधोमध एक गोल पुसट ठसा आहे. पोरं दुकानाच्या काचेला नाक लावून आत बघतात ना... तसा.

आतल्या बाजूने.