तुळसाताईंचं कार्ड

रामआळीतल्या स्टेशनरीच्या दुकानात राही काउंटरवर वाकून अभिनंदनाच्या कार्डाचा कच्चा मजकूर लिहीत होती. बाहेर परतीच्या पावसाची सर कोसळत होती, म्हणून आडोशाला आलेल्या माणसांनी दुकान भरलं होतं.

"तेवढा 'अखेर' काढा," मागून कुणीतरी म्हणालं.

राही गर्रकन वळली. भिजल्या शर्टातला एक उंच तरुण कपाळावरचं पाणी निपटत उभा होता.

"दुसऱ्याचं वाचू नये, एवढं कळत नाही?"

"कळतं... पण गर्दीनं मला तुमच्या कागदावरच आणून उभं केलं." तो ओशाळून हसला. "माझ्या बहिणीचं बत्तिसाव्या वर्षी जमलं. 'अखेर जमलं हो!' हे तिनं इतक्यांदा ऐकलं, की साखरपुड्याच्या दिवशी ती मागीलदारी जाऊन रडली. म्हणून बोललो."

राहीनं कागदाकडे पाहिलं. 'तुळसाताई, अखेर तुमचं लग्न ठरलं...' तिला एकदम चपापल्यासारखं झालं.

आंबा कॅनिंगच्या कारखान्यात ती टायपिस्ट होती. तिथल्या तुळसाताई छत्तीस वर्षांच्या. आठ वर्षांपूर्वी त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा ऑफिसातल्या चेष्टेपायी त्या महिनाभर डबा एकट्याच खात. आता बोटीवर काम करणाऱ्या दत्तारामांशी त्यांचा साखरपुडा झाला होता, आणि सगळ्यांच्या वतीनं कार्ड लिहायचं काम राहीकडे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या स्टोअरमध्ये कागदाचं रीम आणायला गेली, तर टेबलामागे तोच!

"महिपत रांबाडे, लांज्याचा. सोमवारीच रुजू झालो." मग हळूच, "अखेर... भेटलात."

"तो शब्द काढायचं ठरलंय ना?" राही म्हणाली, आणि दोघंही हसली.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मजकूर स्टोअरच्या टेबलावर येऊ लागला. राहीनं लिहिलं होतं, 'आता संसारात रमून आम्हांला विसरू नका.'

"म्हणजे त्या नोकरी सोडणार, असं आपणच ठरवलं," महिपत म्हणाला. "त्यांनी सांगितलंय तसं?"

"नाही." राहीनं ओळ खोडली. "आणि हे 'लवकरच बारशाचे पेढे'?"

"तुम्हीच सांगा."

"हे आप्पा सुर्व्यांनी सुचवलंय. हेडक्लार्क आहेत." राहीनं तीही ओळ खोडली. "पण एवढं सगळं काढलं, तर उरतं काय? 'हार्दिक अभिनंदन'. ते तर छापीलच आहे."

"त्यांचं एखादं खरं सांगा. ऑफिसातलंच, सगळ्यांना माहीत असलेलं."

राहीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मी नवी होते तेव्हा एक अख्खं पत्र चुकीच्या पत्त्यावर टाइप केलं. ताई कुणाला काही न बोलता शेजारी बसल्या, माझ्याकडून पुन्हा करून घेतलं... सगळ्याच नव्यांना त्या अशाच शिकवतात." महिपत तिच्याकडे बघतच राहिला. तिनं घाईघाईनं पेन उचललं.

गुरुवारी तिनं कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिलं :

'प्रिय तुळसाताई, तुमच्या साखरपुड्याची बातमी ऐकून आम्हां सर्वांना मनापासून आनंद झाला. नव्या माणसाला शेजारी बसवून काम शिकवणाऱ्या तुम्ही. आमच्यातले कितीतरी जण तुमच्याच हाताखाली तयार झाले. तुम्हांला आणि श्री. दत्ताराम यांना पुढच्या आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा. – तुमचे सहकारी.'

कार्ड फाइलमध्ये घालून, ताईंना कळू न देता, ती टेबलाटेबलावरून सह्या घेत फिरली. आप्पांनी पेन उघडलं. "मी दोन मजेच्या ओळी टाकतो."

"आप्पा, फक्त सही हो. ताई हे घरी नेणार, तिकडची माणसंही वाचणार." राहीनं सहीपुरत्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, कार्ड एकदा सावकाश वाचलं आणि नुसती सही केली.

चहाच्या वेळी ताईंनी कार्डाचं पाकीट उघडलं. सगळे थांबले. मधल्या ओळीवर त्यांची नजर बराच वेळ थबकली.

"आठ वर्षांपूर्वी या ऑफिसात माझ्या लग्नाचं नाव निघालं की मी खाली बघायचे," त्या म्हणाल्या. "हे मात्र मी सासरी दाखवणार." आणि त्यांनी आपणहून सगळ्यांत बसून चहा घेतला.

संध्याकाळी पावस गावच्या बसच्या थांब्यावर महिपत राहीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्ही लांज्याचे ना? ही गाडी पावसला जाते."

"ठाऊक आहे." त्यानं घसा खाकरला. "मला तुम्ही आवडता, राही. कच्चा मजकूर केला नाही, तसंच बोलतोय... तुमची हरकत नसेल, तर रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?"

बस समोर येऊन उभी राहिली. राहीनं पायरीवर पाय ठेवला, कानापर्यंत लाल होत मागे पाहिलं.

"आईंना पुढच्या रविवारी आणा," ती म्हणाली. "या रविवारी तुम्ही एकटेच या. आधी मला तुमच्याशी भरपूर बोलायचंय."