ब्रेग्ना हे नाव कुणाचं

"तुम्हाला जखमा बांधता येतात?"

दुकानात पाऊल टाकलं नाही तोच एका अनोळखी माणसानं मला हे विचारलं. बाहेर नोव्हेंबरातला गारठलेला पाऊस तिरका कोसळत होता. माझी गाडी बर्निसच्या कॉफीच्या दुकानासमोरच बंद पडली होती, आणि हातात बाबांच्या उरलेल्या औषधांची पिशवी होती. ती परत द्यायला निघाले होते. बाबा सप्टेंबरात गेले. तीन वर्षं त्यांचं सगळं मी एकटीनं केलं होतं.

"येतात की," मी म्हणाले. "माणूस वाचत नाही, एवढंच."

तो हसला नाही. खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "बसा. आम्हाला अशीच कुणीतरी हवीय."

तो लोवेल. हिवाळ्यात बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणून नखांत कायम काळं तेल. दर शनिवारी दुपारी बर्निसच्या दुकानातल्या मागच्या टेबलावर तो खेळ चालवायचा. गोष्ट तो सांगणार, आपण त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि पात्राचं नशीब फाशांवर. दुकानाची मालकीण बर्निस निवृत्त बसड्रायव्हर, वय साठ, खेळात चोर. टू वांग शाळेत गणित शिकवायचा, खेळात शिलेदार. दोघांना जखमा बांधणारं कुणी नव्हतं.

"ड्वार्फ व्हा," लोवेल म्हणाला. "डोंगराच्या पोटात राहणारी जमात. बुटकी, चिवट, हट्टी. आणि त्यातली क्लेरिक. देवाच्या नावानं जखमा भरायच्या, वेळ आली तर हातोडाही घालायचा."

"देवाशी माझं सध्या बोलणं नाही."

"मग तर फारच छान!" बर्निस आतून ओरडली. "भांडकुदळ क्लेरिक! अगं, कॉफी घे आधी, काकडलीयस नुसती."

मी कागदावर ऐटीत नाव लिहिलं: एलिरायल. बर्निस खो-खो हसली. "ही बाई खाणीत राहते की चांदण्यात? हे एल्फांचं, त्या नाजूक रानपऱ्यांच्या जमातीचं नाव, नुसतं ल आणि र. असल्या नावाची बाई कुदळ उचलेल का?"

लोवेलनं पेन्सिल काढून घेतली. बोटाला बोट लागलं... आणि आम्ही दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

"नावाची घाई नको," तो म्हणाला. "ड्वार्फ स्वतःचं नाव स्वतः ठेवत नाही. कुळातला म्हातारा ठेवतो. इथं तो म्हातारा मी. आणि आमच्या टेबलाचा एक नियम आहे. नाव खोलीच्या त्या टोकावरून, एका दमात, न अडखळता हाक मारता आलं पाहिजे. मरताना कुणी तीन शब्दांचं नाव घेत नाही."

मग सुरू झाल्या त्याच्या चौकशा. किती शनिवार गेले त्यात! मायदेश कुठला? मी म्हणाले, गोठलेल्या तळ्याखालची मिठाची खाण.

"मग तिथं आवाज घुमत असणार," तो डोळे मिटून म्हणाला. "मऊ अक्षरं घुमून विरून जातील. नावाची सुरुवात ओठ आपटून व्हायला हवी, मध्ये एक दगड हवा, आणि शेवट उघडा, म्हणजे दूरवर जाईल. पहिलं अक्षर टूच्या शिलेदाराचं, केस्ट्रेलचं नको, बर्निसच्या चोराचं, मिमचं नको. नाहीतर गर्दीत कुणाला हाक मारली कळायचं नाही. कुळाचं नाव कामावरून पडतं. खाणीत काय काम करायचे?"

"मीठ फोडायचे."

"मीठफोडे. झालं. आता स्वभाव?"

"तिरसट. पण पेशंटजवळ बसली की उठत नाही."

"आणि देवाशी काय बिनसलं?"

"तिचा बाप आजारी होता. तिला सगळे मंत्र येत होते... आणि एकही चालला नाही. तरी ती अजून तेच मंत्र म्हणते. दुसरं काही येतच नाही ना तिला."

लोवेलनं क्रिंगलचा, म्हणजे त्या गोड भरल्या पावाचा, पिकानचा सुकामेवा असलेला तुकडा गुपचूप माझ्या बशीत सरकवला. मला तो आवडतो हे त्यानं कधी पाहिलं होतं कोण जाणे.

मी नावं आणायची आणि तो नाकारायचा. होल्डा? "पाहुण्यासारखं वाटतं." ग्रिम्स्ती? "ही रागीट नाही, दुखावलेली आहे." टोर्वेल? "गुळगुळीत." सात नावं पडली. मी चिडून म्हणाले, "तुम्हाला बायकोसुद्धा अशीच पसंत पडत नसेल!"

त्याचा चेहरा क्षणभर कसासाच झाला. मग म्हणाला, "मला तू म्हण."

तेव्हापासून मी त्याच्यासाठी नुसती डोर्टे, आणि आम्ही 'तू' झालो. खेळ संपला की तो माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा. हातमोजा नसलेल्या हातानं, मुद्दाम हळूहळू. मीही आत बसून हीटर लावायची नाही, म्हणजे काच लवकर सुटणार नाही. एकोणतीस वर्षांची घोडी मी, आणि आठवडाभर शनिवारची वाट बघायची!

आठव्या वेळी त्यानं स्वतः सांगितलं. अगदी हळू. "ब्रेग्ना."

ओठ आपटले, मध्ये दगड आला, शेवट उघडा राहिला. मी म्हणून बघितलं. टूनं दारातून हाक मारली, बर्निसनं गल्ल्यापासून मारली. कुणी अडखळलं नाही. कुणीतरी इतके दिवस माझं ऐकून घेऊन माझ्यासाठी एक शब्द घडवला होता... ब्रेग्ना मीठफोडे! घरी जाताना गाडीत मी ते वीसदा म्हटलं.

नाताळाआधीच्या शनिवारी टूचा शिलेदार पडला. त्याचा जीव शून्यावर आला, की दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहाच्या खाली तीनदा आलं, की संपलं. टूला चार आले. मग सात. एकच फेरी उरली होती, आणि गोष्टीत मी किल्ल्याच्या अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांबून चालणारा एकच मंत्र माझ्याकडे होता, पण टेबलाचा आणखी एक नियम होता, कुणी नावानं हाक मारल्याशिवाय तो म्हणता येत नव्हता.

"ब्रेग्नाऽऽ!" टू जिवाच्या आकांतानं ओरडला.

मी मंत्र म्हटला. शिलेदार उठून बसला. बर्निसनं टू आणि मला दोघांना मिठी मारली. मी लोवेलकडे बघितलं तर त्याचे डोळे भरलेले. त्यानं टेबलाखाली माझा हात धरला, घट्ट. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, की माझ्या हातून कुणीतरी वाचलं. आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यासाठीच आहे, असं मी धरून चालले.

कशी गं मी इतकी मूर्ख!

जानेवारीत एकदा लवकर पोचले. बर्निस म्हणाली, "कोरे कागद खालच्या खणात बघ." मी खण ओढला. वरच एक जुना, कॉफीचे डाग पडलेला पात्राचा कागद होता. निळ्या शाईचं गोल अक्षर. ब्रेग्ना. ड्वार्फ. क्लेरिक. आणि खाली खेळणारीचं नाव: इव्हॉन पिओट्रॉव्स्की.

पिओट्रॉव्स्की हे लोवेलचं आडनाव.

बर्निसनं माझ्या हातातला कागद बघितला आणि मटकन स्टुलावर बसली. "अगं... त्यानं सांगितलं नाही तुला? त्याची बायको. चार वर्षं झाली जाऊन. मला वाटलं, दोघांचं ठरलंय."

लोवेल आला तेव्हा मी कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं नाकारलं नाही. ते तरी करायला हवं होतं.

"ड्वार्फांत नाव माणसाचं नसतं, डोर्टे, कुळाचं असतं," तो म्हणाला. "माणूस जातो. म्हातारा तेच नाव पुढच्या योग्य माणसाला देतो. त्याहून मोठा मान नाही त्यांच्यात. मी... मी मान दिला तुला."

"मान कुणाला, मला की तिला? माझा मायदेश, माझा बाप, माझी कटकट, सगळं विचारलंस. आणि उत्तर आधीच खणात होतं!"

"नव्हतं गं. तू मिठाची खाण म्हणालीस, तेव्हा मला खरंच दुसरं काही ऐकू येईना. सगळं त्याच नावावर येऊन बसलं."

"टूनं हाक मारली, तेव्हा तुला कोण दिसलं?"

तो खोटं बोलू शकला असता. "आधी ती," तो म्हणाला. "मग तू."

"किती वेळानं?"

त्यानं माझ्या हातातून तो कागद घेतला आणि परत खणात ठेवला.

माझी बहीण खूप दूर, वाळवंटातल्या टूसॉनला राहते. बाबांचं घर विकून तिकडं ये, असं तिचं टुमणं सुरूच होतं. मी लोवेलला सरळ सांगितलं, "मला तू आवडतोस. फार. इथं राहायला मी एका पायावर तयार आहे. पण मला एक नाव दे, जे आधी कुणाचं नव्हतं. पुढच्या शनिवारपर्यंत. नाही जमलं, तर मी जाते."

"देतो," तो म्हणाला. इतक्या घाईनं, की मला आशा वाटली.

शनिवारी तो एकटाच बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. चौघडी केलेला कागद त्यानं माझ्यासमोर ठेवला. "रोज बसलो. कामावरसुद्धा. चाळीस झाली."

मी उघडला. ब्रेग्दा. ब्रेन्गा. ग्रेब्ना. ब्रोग्नी. ब्राग्ना... पानाच्या तळापर्यंत. काही खोडलेली, काही पुन्हा लिहिलेली. सगळी त्या एकाच नावाची भावंडं.

मी वाचत गेले तसा तोही वाचत गेला. लिहिताना त्याला दिसलं नव्हतं, ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"मी वेगळी लिहीत होतो," तो म्हणाला. "देवाशपथ, मला वाटलं मी वेगळी लिहितोय..."

"माहीतेय मला." आणि खरंच माहीत होतं. तीन वर्षं मीही तेच मंत्र म्हणत बसले होते.

"थांब ना, डोर्टे. वर्षभर दे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"आहे," मी म्हणाले. "म्हणूनच इतका त्रास होतोय रे."

मी माझ्या पात्राच्या कागदावरचं नाव रबरानं पुसलं. नावाच्या जागी राखाडी डाग राहिला. ज्या ड्वार्फाचं नाव काढून घेतात, त्यानं पुन्हा कुठलंच ड्वार्फी नाव लावायचं नसतं, हे त्यानंच मला शिकवलं होतं. कागद मी त्याच्या हातात दिला. त्यानं तो छातीशी धरला आणि रडला, आवाज न करता. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला, एकदाच.

मार्चमध्ये घर विकलं गेलं. टूसॉनला बर्निसचं पत्र आलं. लिहिलं होतं, खेळ पुन्हा सुरू झालाय, टूच्या वर्गातली एक मुलगी नवी क्लेरिक झालीय, लोवेलनं तिला पहिल्याच दुपारी नाव दिलं. ते जुनंच की नवं, ते बर्निसनं लिहिलं नव्हतं. मी पत्र तीनदा वाचलं. विचारायला फोन उचलला, आणि पहिली घंटा वाजायच्या आत ठेवून दिला.